ज्या घरांनी काहीच घेतले नाही

१९५१ आणि १९५२ ही दोन वर्षे अमेरिकेतल्या दुकानदारांना गोंधळात पाडणारी होती. जून १९५०मध्ये कोरियाचे युद्ध सुरू झाले. आधीच्या महायुद्धातली टंचाई लोकांच्या आठवणीत ताजी होती. फेब्रुवारी १९४२पासून कारखान्यांतून नागरिकांसाठी मोटारी निघणेच बंद झाले होते, ते युद्ध संपेपर्यंत. म्हणून या खेपेला लोकांनी आधीच धाव घेतली आणि मोटारी, फ्रीज, धुलाईयंत्रे घरात आणून ठेवली. सरकारने सप्टेंबर १९५०मध्ये हप्त्यांवरच्या खरेदीला लगाम घातला. मोटार घ्यायची तर किमतीचा एक तृतीयांश आधी रोख भरावा लागे, उरलेले थोड्या महिन्यांत फेडावे लागत. हे निर्बंध मे १९५२मध्ये उठले. या सगळ्यात कोणत्या घराने काय घेतले, कोणी थांबायचे ठरवले आणि कोणाला गरजच नव्हती, हे मध्यवर्ती बँकेला म्हणजे फेडरल रिझर्व्हला जाणून घ्यायचे होते.

त्यासाठी तिच्याकडे एक चांगले साधन होते. मिशिगन विद्यापीठातले सर्वेक्षण संशोधन केंद्र फेडरल रिझर्व्हसाठी दरवर्षी ग्राहकांच्या आर्थिक स्थितीची पाहणी करत असे. हंगेरीहून आलेले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज कटोना तिच्यामागचे मुख्य डोके होते. प्रश्नावली घेऊन माणसे घरोघर जात. गेल्या वर्षी उत्पन्न किती होते, बँकेत किती आहे, सरकारी रोखे किती, मोटार घेतली का, घेतली तर कितीला, असे ते विचारत. युद्धकाळात खरेदीसारखे फारसे काही नसल्याने लोकांकडे रोखे आणि ठेवी साठल्या होत्या. तो पैसा कधी आणि कशावर बाहेर पडणार, हा बँकेच्या काळजीचा विषय होता. १९५२च्या पाहणीत भेटलेल्या घरांपैकी काहींना १९५३मध्ये पुन्हा गाठण्यात आले. त्यामुळे त्या घरांचा सलग दोन वर्षांचा हिशेब हाती आला, आणि ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट होती.

या दुसऱ्या भेटीच्या नोंदी जेम्स टोबिन यांच्या टेबलावर आल्या. टोबिन १९१८चे. हार्वर्डमध्ये शिकले, युद्धात विनाशिकेवर नौदल अधिकारी होते, आणि १९५०पासून येल विद्यापीठात शिकवत होते. घरांच्या खर्चाचा अभ्यास हे त्यांचे जुने काम होते. केंब्रिजमध्ये असताना त्यांनी अमेरिकेतल्या अन्नधान्याच्या मागणीवर लेख लिहिला होता. अन्नाच्या बाबतीत एक सोय असते, की प्रत्येक घर काहीतरी खातेच. कमीजास्त का होईना, आकडा असतो.

टिकाऊ वस्तूंचे तसे नव्हते. टोबिन यांनी ७३५ बिगरशेती कुटुंबे घेतली. प्रत्येकासाठी दोन वर्षांत टिकाऊ वस्तूंवर झालेला एकूण खर्च काढला आणि त्याच दोन वर्षांच्या खर्चायोग्य उत्पन्नाने त्याला भागले. हे गुणोत्तर समजावून घ्यायचे होते, आणि त्यासाठी दोन गोष्टी निवडल्या होत्या: कुटुंबप्रमुखाचे वय, आणि १९५१च्या सुरुवातीला घरात असलेली रोकड, ठेवी व रोखे यांचे उत्पन्नाशी प्रमाण. नोंदी मांडल्या, तेव्हा त्यांत शून्यांची मोठी रास दिसली. शून्याच्या आसपास असलेली ही घरे नव्हती. खर्च अगदी नेमका शून्य होता, आणि तोही एकामागून एक घरात. उरलेल्या घरांचे आकडे मात्र नेहमीसारखे पसरलेले होते.

यातली अडचण नीट पाहण्यासारखी आहे. नेहमीची रिग्रेशनची रेषा बसवताना असे गृहीत धरलेले असते की प्रत्येक घर रेषेच्या थोडे वर किंवा थोडे खाली असेल, आणि ही वर-खाली दोन्हीकडे मोकळी असेल. इथे खालची बाजू बंद आहे. उणे खर्च कोणी करू शकत नाही. सगळी शून्ये धरून रेषा बसवली, तर तळाला चिकटलेल्या बिंदूंमुळे ती आडवी होते, आणि एका टोकाला शून्याच्या खाली जाऊन एखादे कुटुंब उणे रकमेची मोटार घेईल असे भाकीत करते.

मग शून्ये बाजूला ठेवावीत आणि ज्यांनी घेतले त्यांचाच अभ्यास करावा, हा दुसरा मार्ग अनेकांना सुचतो. वरून तो सरळ वाटतो, पण त्यातली चूक जास्त खोल आहे. म्हाताऱ्या कुटुंबप्रमुखांची घरे सहसा कमी खरेदी करतात असे समजा. त्यांच्यातले जे थोडे खरेदीदार यादीत उरतात, ते त्यांच्या वयाच्या मानाने अपवाद असतात: जुनी गाडी अचानक बंद पडलेले, नवे घर घेतलेले, मुलीच्या लग्नात फ्रीज दिलेले. तरुण घरांना यादीत यायला असा अपवाद असण्याची गरज नसते. म्हणजे यादी करतानाच वृद्धांमधले जास्त खर्चिक तेवढे निवडले जातात, आणि वयाचा परिणाम प्रत्यक्षापेक्षा बराच कमी दिसतो.

तिसरा रस्ता जीवशास्त्राकडून आला होता. कीटकनाशकाच्या कोणत्या मात्रेला किती कीटक मरतात, हे मोजण्यासाठी चेस्टर ब्लिस यांनी १९३४मध्ये प्रॉबिट ही पद्धत मांडली होती. कीटक मेला की जगला, एवढेच उत्तर असते. ती पद्धत इथे लावली तर घराने काही घेतले की नाही, याची शक्यता नीट निघते. पण दोनशे डॉलरचे धुलाईयंत्र आणि दोन हजारांची मोटार तिच्या लेखी एकच. रकमेची सगळी माहिती वाया जाते.

टोबिन यांनी रिग्रेशन आणि प्रॉबिट या दोन पद्धती एकत्र जोडल्या. त्यांचा लेख आधी काऊल्स फाउंडेशनच्या चर्चालेखांत तिसऱ्या क्रमांकावर आला. ही संस्था १९५५मध्ये शिकागोहून येलला आली होती आणि टोबिन तिचे संचालक होते. छापील स्वरूपात तो लेख जानेवारी १९५८च्या ‘इकॉनोमेट्रिका’त आला, जेमतेम तेरा पानांचा. त्याच वर्षी त्यांचा रोकड आणि जोखीम यांवरचा प्रसिद्ध लेखही निघाला. १९८१चे नोबेल त्यांना वित्तबाजारांवरच्या कामासाठी मिळाले, तरी या तेरा पानांचा वावर अर्थशास्त्राबाहेरही फार दूरवर झाला.

त्यांची कल्पना अशी. प्रत्येक घराच्या आत टिकाऊ वस्तू घेण्याची एक ओढ असते. ती आपल्याला दिसत नाही. ती वयावर, साठलेल्या पैशावर आणि ज्यांची नोंद कोणी घेतली नाही अशा असंख्य लहान कारणांवर अवलंबून असते. ही ओढ शून्याच्या वर गेली तर तेवढाच खर्च होतो आणि तो पाहणीत दिसतो. शून्याच्या खाली राहिली, मग ती किंचित खाली असो की फार खाली, पाहणीत शून्यच लिहिले जाते. धरणातल्या पाणीपातळीच्या पट्टीचा सर्वांत खालचा आकडा उघडा पडला, की त्याखाली पाणी किती उतरले हे पट्टीवरून कळत नाही, तसे हे आहे. सूत्रात ते इतके छोटे होते:

```
y* = b0 + b1·x1 + b2·x2 + u,   u ~ N(0, σ²)
y  = y*   जर y* > 0
y  = 0    जर y* ≤ 0
```

`y*` म्हणजे न दिसणारी ओढ, `y` म्हणजे पाहणीतला खर्च, आणि `u` म्हणजे त्या नोंद न झालेल्या कारणांची बेरीज. तिचे वितरण घंटेच्या आकाराचे, म्हणजे सामान्य वितरण असते असे मानले आहे. आता `b` आणि `σ` यांच्या कोणत्या किमतींना प्रत्यक्ष हाती आलेली आकडेवारी सर्वांत जास्त संभवनीय ठरते, ते शोधायचे. ज्या घराने ठरावीक रक्कम खर्च केली, त्याच्यासाठी त्या रकमेच्या जागी घंटेची उंची मोजायची. ज्या घराने काहीच खर्च केले नाही, त्याच्यासाठी शून्याच्या डावीकडे घंटेचा जेवढा भाग येतो त्याचे क्षेत्रफळ मोजायचे. खरेदीदाराकडून उंची आणि न घेणाऱ्याकडून क्षेत्रफळ असे सगळे गुणाकारात घ्यायचे. या मांडणीत शून्य टाकून दिले जात नाही आणि त्याला खरा शून्य खर्च म्हणून रेषेतही ओढले जात नाही. ‘ओढ शून्याच्या खाली कुठेतरी होती’ एवढेच त्याच्याकडून ऐकून घेतले जाते. या लेखातला हा मला सर्वांत आवडणारा भाग आहे, कारण शून्याला जितके माहीत आहे तितकेच त्याला इथे बोलू दिले आहे.

हिशेब मात्र सोपा नव्हता. या समीकरणांचे उत्तर एका फटक्यात निघत नाही. न्यूटनच्या पद्धतीने आधी एक अंदाज घ्यायचा, तो सुधारायचा, पुन्हा सुधारायचा, असे करावे लागते. टोबिन यांनी सुरुवातीचा अंदाज मिळवण्यासाठी सामान्य वितरणातल्या एका गुणोत्तराच्या जागी सरळ रेषा वापरून काम भागवले. पुढे १९७३मध्ये ताकेशी अमेमिया यांनी दाखवले की तो सुरुवातीचा अंदाज एकटा घेतला तर नमुना कितीही मोठा केला तरी खऱ्या उत्तराकडे जाईलच असे नाही, पण शेवटचे उत्तर मात्र जाते. पद्धत छापून आल्यानंतर तिची पक्की गणिती सिद्धता मिळायला १५ वर्षे लागली. १९७८मध्ये रँडल ओल्सन यांनी आणखी एक दिलासा दिला: समीकरण योग्य रीतीने मांडले तर त्याला एकच शिखर असते. सुरुवात कुठूनही करा, त्याच शिखरावर पोचता. ‘टोबिट’ हे नाव आर्थर गोल्डबर्गर यांनी १९६४च्या आपल्या पाठ्यपुस्तकात दिले.

पद्धतीचे आतले काम पाहायचे तर एक छोटे उदाहरण उपयोगी पडते. आर या संगणकभाषेच्या `survival` पॅकेजमध्ये टोबिन यांच्या लेखातल्या म्हणून २० नोंदी ठेवलेल्या आहेत: टिकाऊ वस्तूंची खरेदी, वय, आणि हजारपट केलेले रोख मालमत्तेचे प्रमाण. ते पॅकेज मुळात रुग्ण किती काळ जगतात या अभ्यासासाठी आहे. तिथेही अभ्यास संपताना जिवंत असलेल्या रुग्णाबद्दल ‘अजून एवढे तरी जगला’ एवढेच माहीत असते, त्यामुळे दोघांचे गणित सख्खे आहे. आज हे काम दोन ओळींत होते:

```
library(survival)
survreg(Surv(durable, durable > 0, type = "left") ~ age + quant,
        data = tobin, dist = "gaussian")
```

उत्तर येते: स्थिरांक १५.१४, वयाचा गुणक उणे ०.१२९, मालमत्तेच्या प्रमाणाचा उणे ०.०४५५, आणि `σ` ५.५७. या आकड्यांचे वाचन करताना बहुतेक जण घसरतात. वयाचा गुणक उणे ०.१२९ म्हणजे एक वर्ष वाढले की खर्च ०.१२९ने घटतो, असे नाही. तेवढी घटते ती न दिसणारी ओढ.

मालमत्तेचे प्रमाण २३० धरून दोन घरे घेऊ, एक ४५ वर्षांच्या कुटुंबप्रमुखाचे, दुसरे ६५ वर्षांच्या. पहिल्याची सरासरी ओढ उणे १.१ येते, दुसऱ्याची उणे ३.७. दोन्ही शून्याच्या खाली आहेत, पण `σ` साडेपाचाच्या वर असल्याने दोन्हींना वर येण्याची संधी आहे. पहिले घर काही खरेदी करील याची शक्यता ४२ टक्के निघते, दुसऱ्याची २५. घेतलेच तर पहिले सरासरी ४.१ एकक खर्च करील आणि दुसरे ३.३. घेणारे आणि न घेणारे मिळून सरासरी काढली तर पहिल्यासारख्या घरांची १.७ येते, दुसऱ्यासारख्यांची ०.८.

या दोन घरांत वीस वर्षांचे अंतर आहे. ओढ सुमारे २.६ने उतरली, सर्वांचा सरासरी खर्च ०.९ने उतरला, आणि फक्त खरेदीदारांचा सरासरी खर्च जेमतेम ०.७ने. शून्ये फेकून देणारा अभ्यासक या शेवटच्या आकड्याकडे पाहत बसतो. सरासरी खर्चातली निम्म्याहून जास्त घट मुळात घेणाऱ्यांची संख्या कमी झाल्यामुळे आलेली असते, आणि ती त्याला दिसतच नाही. टोबिटचा गुणक अशा दोन भागांत कसा फोडावा, हे १९८०मध्ये जॉन मॅकडोनाल्ड आणि रॉबर्ट मॉफिट यांनी नेमके लिहून दाखवले. त्याआधीची बावीस वर्षे कितीतरी लेखांत कच्चा गुणकच खर्चावरचा परिणाम म्हणून छापला जाई.

या वीस नोंदींवरून वयाबद्दल काही निष्कर्ष काढायचा मात्र नाही. दोन्ही कारणे मिळून संभवनीयतेत जी सुधारणा होते तिचा काय-वर्ग १.१ येतो, दोन मुक्तमात्रांवर, आणि केवळ योगायोगाने एवढे होण्याची शक्यता ५८ टक्के असते. पद्धत दाखवायला ही आकडेवारी पुरेशी आहे, काही सिद्ध करायला नाही.

पुढचा इतिहास या पद्धतीच्या गृहीतकांना लागलेल्या धक्क्यांचा आहे, आणि धक्के टिकाऊ वस्तूंच्या बाजूनेच आले. टोबिन यांच्या मांडणीत एकच ओढ दोन प्रश्नांची उत्तरे देते: घ्यायचे का, आणि घ्यायचे तर केवढ्याचे. जे कारण घेण्याची शक्यता वाढवते, तेच रक्कमही वाढवणार, आणि दोन्ही परिणाम एका ठरलेल्या प्रमाणात बांधलेले. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे जॉन क्रॅग यांनी १९७१मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवले, आणि त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच टिकाऊ वस्तूंची मागणी होती. नवी मोटार घ्यायचे ठरवणे आणि कोणती, केवढ्याची घ्यायची ते ठरवणे हे दोन वेगळे निर्णय असू शकतात. क्रॅग यांनी त्यांना दोन वेगळी समीकरणे दिली. पहिला अडथळा ओलांडला तरच दुसऱ्याचा प्रश्न येतो. गाडी मोडकळीला आल्याने खरेदी अटळ होते, पण हात आखडता असल्याने स्वस्तातली घेतली जाते, अशा घराला टोबिटमध्ये जागा नसते. क्रॅग यांच्या मांडणीत असते.

हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो घरखर्चाबाहेरच्या एका उदाहरणात. त्साइ-फेन लिन आणि पीटर श्मिट यांनी १९८४मध्ये इमारतींना लागणाऱ्या आगीचे उदाहरण दिले. इमारत जुनी असेल तर आग लागण्याची शक्यता जास्त. पण लागलीच, तर जुन्या इमारतीची किंमत कमी असल्याने नुकसानीची रक्कम लहान. वय एका प्रश्नात वर ढकलते, दुसऱ्यात खाली. टोबिटला यातून एकच गुणक काढावा लागतो आणि तो दोन्ही उत्तरांत चूक असतो.

हे होते आहे की नाही हे तपासण्याचा मार्ग साधा आहे. आधी घेतले की नाही एवढ्यावरच प्रॉबिट चालवायचे. त्याचे गुणक, आणि टोबिटचे गुणक `σ`ने भागून येणारे आकडे शेजारी मांडायचे. टोबिनचे एकाच ओढीचे म्हणणे खरे असेल तर दोन्ही रांगा जवळपास सारख्या दिसतात. एखाद्या कारणाचे चिन्हच उलटे निघाले, तर पुढे जाण्याआधी थांबायला हवे. नेमकी चाचणी करायची असेल तर प्रॉबिटची आणि फक्त खरेदीदारांवर बसवलेल्या छाटलेल्या रिग्रेशनची लॉग-संभवनीयता यांची बेरीज टोबिटच्या लॉग-संभवनीयतेशी ताडून पाहतात.

दुसरा धक्का जास्त अवघड होता. साध्या रिग्रेशनमध्ये श्रीमंत घरांचा खर्च गरीब घरांपेक्षा जास्त विखुरलेला असला, तरी गुणकांची दिशा चुकत नाही. फक्त त्यांच्या अचूकतेचा अंदाज बिघडतो. टोबिटमध्ये तसे नाही. शून्याखाली किती घरे गेली, यावरूनच ही पद्धत घंटेची रुंदी आणि जागा ओळखते. रुंदी घरागणिक बदलत असेल आणि आपण ती एकच धरली, तर गुणकच चुकतात. घंटेचा आकार वेगळा असला तरी तेच. खर्चाला उत्पन्नाने भागण्याचा टोबिन यांचा निर्णय या दृष्टीने शहाणपणाचा होता, कारण त्यामुळे मोठ्या उत्पन्नाच्या घरांचा मोठा पसारा आटोक्यात येतो. पण पूर्ण बंदोबस्त त्याने होत नाही. १९८४मध्ये जेम्स पॉवेल यांनी सरासरीऐवजी मध्यक वापरणारी पद्धत दिली. मध्यक शून्याच्या वर असेल तेव्हा शून्याखाली काय दडले आहे याची त्याला फिकीर नसते, आणि घंटेचा आकारही त्याला गृहीत धरावा लागत नाही. तिची किंमत अशी, की निम्म्याहून जास्त शून्ये असलेल्या गटाकडून तिला जवळजवळ काहीच शिकता येत नाही, आणि टिकाऊ वस्तूंत असे गट फार असतात.

तिसरा धक्का सर्वांत मूलगामी होता, आणि तो गणितापेक्षा पाहणीच्या वहीतून आला. ब्रिटनमध्ये कुटुंबखर्चाची मोठी पाहणी १४ दिवसांच्या रोजनिशीवर चालत असे. दहा वर्षे टिकणारा फ्रीज घ्या. प्रत्येक घरात फ्रीज आहे आणि प्रत्येक घर तो दहा वर्षांनी बदलते, असे समजा. दोन वर्षांच्या पाहणीत ८० टक्के घरांचा फ्रीजवरचा खर्च शून्य दिसेल. १४ दिवसांच्या रोजनिशीत ९९.६ टक्के घरांचा. उरलेल्या मूठभर घरांच्या नावावर मात्र पंधरवड्यात एवढा खर्च लिहिला जाईल, जो त्यांच्या सरासरी पंधरवड्याच्या वाट्यापेक्षा सुमारे २६० पट मोठा असेल. या घरांपैकी कोणाचीही ओढ शून्याखाली नाही. सगळे फ्रीज वापरतच आहेत. शून्य आले ते पाहणीची खिडकी अरुंद असल्यामुळे.

टोबिटला हे शून्य आणि फ्रीजची इच्छाच नसलेल्या घराचे शून्य यांत फरक करता येत नाही. अँगस डीटन आणि मार्गारेट आयरिश यांनी १९८४मध्ये याच प्रश्नावर लेख लिहिला. त्यांनी टोबिटमध्ये एक जादा संख्या घातली: ज्याला वस्तू हवी आहे, त्याची खरेदी पाहणीच्या काळात पडण्याची शक्यता. ती एक असेल तर जुने टोबिट उरते. एकापेक्षा कमी असेल, तर काही शून्ये खिडकीच्या खात्यात जातात, आणि ज्यांनी खरेदी दाखवली त्यांची रक्कम त्याच प्रमाणात फुगलेली आहे असे धरून ती खाली आणली जाते. पुढची काही वर्षे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ या एका मुद्द्यावर झटत राहिले. शून्याची तीन कारणे त्यांच्या कामातून वेगळी झाली: परवडत नाही म्हणून घेतले नाही, कधीच घेणार नाही, आणि घेतो पण या पंधरवड्यात घेतले नाही. टोबिनची ओढ यांतल्या पहिल्याच कारणाला खरोखर शोभते. बाकीच्या दोहोंसाठी वेगळी रचना लागते, आणि नोंदवहीतले शून्य स्वतःहून आपले कारण सांगत नाही. ते सांगायला वेगळा प्रश्न विचारावा लागतो: घरात ती वस्तू आहे का, आणि किती वर्षांची आहे. टोबिन यांची दोन वर्षांची खिडकी रोजनिशीच्या मानाने खूपच रुंद होती. तरी मोटारीच्या आयुष्यापुढे तीही लहानच होती, आणि त्यांच्या शून्यांत नुकत्याच गाडी घेतलेल्या समाधानी घरांचा वाटा नक्कीच असणार. १९५०च्या युद्धभीतीत आधीच खरेदी उरकलेली घरेही त्यांत असणार.

याच डीटन यांनी पुढे शून्याचा हा प्रश्न भारतात उभा राहिलेला पाहिला, आणि त्याचे मोल इथे फार मोठे ठरले. १९९९–२०००मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५५व्या फेरीत कपडे, पादत्राणे, शिक्षण, रुग्णालय आणि टिकाऊ वस्तू यांच्यासाठी ३० दिवसांऐवजी ३६५ दिवसांचा खर्च विचारला गेला. देशातली गरिबी किती घटली, यावर त्यानंतर तीव्र वाद झाला. २००३मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त डीटन यांनी दाखवले, की लांब मुदतीमुळे या वस्तूंवरचा नोंदवला गेलेला सरासरी खर्च उलट कमी झाला होता. तरी गरिबी आणि विषमता दोन्ही कमी दिसल्या. कारण ३० दिवसांत काहीच न घेणारी घरे पुष्कळ असतात, ३६५ दिवसांत काहीच न घेणारी खूप कमी. वर्षातून एकदाच दिवाळीला कपडे घेणारे घर ३० दिवसांच्या प्रश्नात बहुतेक महिने शून्य सांगते. वर्षाचा प्रश्न विचारला, की तेच घर यादीत वर सरकते. लोकांच्या खर्चात काही बदल न होता, केवळ शून्ये कमी झाल्यामुळे, काही कुटुंबे दारिद्र्यरेषेच्या वर दिसू लागली.

२०२२–२३च्या भारतीय पाहणीतही टिकाऊ वस्तूंचा खर्च ३६५ दिवसांचाच विचारला गेला. कपडे वर्षाच्या खिडकीत बहुतेक घरांचे सापडतात. फ्रीज, टीव्ही आणि दुचाकी यांची शून्ये तिथेही ढिगाने पडतात.